खुब्याचा एक्स-रे कसा वाचावा आणि कुत्र्याच्या वयाप्रमाणे उपचार कसा ठरवावा

मागच्या पावसाळ्यात एकाच महिन्यात माझ्याकडे दोन लॅब्राडॉर आले. राणी 7 महिन्यांची होती. पळताना दोन्ही मागचे पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारायची आणि जिन्यापाशी आली की बसून राहायची. दुसरा शेरू, वय 6 वर्षं, वजन 41 किलो. सकाळी उठायला त्याला वेळ लागे आणि चार दिवसांपासून तो उजवा मागचा पाय टेकवत नव्हता. दोघांच्याही मालकांच्या हातात एक्स-रे होता आणि दोघांनाही बाहेर एकच वाक्य ऐकायला मिळालं होतं : "हिप डिस्प्लेशिया आहे, ऑपरेशन करा."

निदान दोघांच्याही बाबतीत बरोबर होतं. सल्ला मात्र दोघांनाही जसाच्या तसा लागू नव्हता.

आधी आजार समजून घेऊ. खुब्याचा सांधा उखळी सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत फिरतो. पिल्लू जन्मतं तेव्हा खुबे बहुधा ठीकच असतात. पुढच्या काही महिन्यांत ज्यांचा सांधा ढिला पडतो, त्यांचा गोळा प्रत्येक पावलाला थोडा बाहेर सरकतो आणि उखळीच्या कडेवर आदळतो. हाडं अजून कोवळी असल्यामुळे उखळी उथळ होते, गोळा चपटा होतो, आणि पुढे त्यावर संधिवात चढतो. ढिलेपणाचा कल आनुवंशिक असतो. तो किती बळावेल हे वजनावर आणि वाढीच्या वेगावर बरंच अवलंबून असतं.

1. फिल्म वाचण्याजोगी आहे का, ते पाहा

कुत्र्याला उताणं झोपवून, मागचे दोन्ही पाय सरळ ताणून आणि किंचित आत वळवून हा फोटो काढतात. त्यासाठी गुंगी किंवा भूल द्यावीच लागते. जागं कुत्रं दोघांनी दाबून धरून काढलेल्या फिल्मवरून कुणी अंक सांगू लागलं, तर मी ऐकून घेत नाही.

फिल्म उजेडासमोर धरा. कमरेच्या हाडात खाली दोन गोल भोकं दिसतील. ती सारख्या आकाराची हवीत. मांडीची दोन्ही हाडं एकमेकांना समांतर हवीत आणि गुडघ्याच्या वाट्या हाडाच्या मधोमध. एक भोक मोठं आणि एक छोटं दिसत असेल, तर कंबर कलली आहे. मग एक उखळी असते त्याहून खोल दिसते आणि दुसरी उथळ. राणीची बाहेरची फिल्म अशीच कललेली होती, त्यामुळे डावा खुबा "फारच वाईट" वाटत होता. फिल्म पुन्हा काढावी लागली.

2. कोन मोजा

हे काम घरीही करता येतं. पट्टी आणि कोनमापक पुरे. दोन्ही गोळ्यांचे मध्यबिंदू शोधा आणि ते एका रेषेने जोडा. मग प्रत्येक मध्यबिंदूपासून त्याच बाजूच्या उखळीच्या डोक्याकडच्या कडेपर्यंत दुसरी रेषा काढा. या दोन रेषांमधला कोन म्हणजे नॉर्बर्ग कोन. गोळा उखळीत नीट बसलेला असेल तर तो 105 अंश किंवा जास्त भरतो. गोळा बाहेर सरकलेला असेल, किंवा उखळी उथळ असेल, तर कोन कमी होत जातो.

राणीचे कोन उजवीकडे 98 आणि डावीकडे 95 आले. दोन्हीकडे निम्म्याहून कमी गोळा उखळीखाली होता. पण गोळ्याच्या मानेवर किंवा उखळीच्या कडेला नवं हाड चढलेलं नव्हतं, म्हणजे संधिवात सुरू झालेला नव्हता. शेरूचे कोन 88 आणि 90 होते. गोळे चपटे, मान जाड, कडांना काटे. फिल्मच पाहिली तर शेरूची अवस्था कितीतरी वाईट.

3. गुणांकन कशासाठी असतं, ते लक्षात ठेवा

जगात तीन-चार पद्धती चालतात. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्यांना 'उत्कृष्ट'पासून 'तीव्र'पर्यंत सात श्रेणी देते आणि अंतिम प्रमाणपत्र 24 महिन्यांनंतरच देते. युरोपात एफसीआय या श्वान महासंघाच्या ए ते ई अशा पाच श्रेणी आहेत. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याच्या नऊ गोष्टी तपासून दोष-गुण देतात : एका खुब्याला जास्तीत जास्त 53, दोन्ही मिळून 106. इथे कमी गुण म्हणजे चांगला खुबा, हे उलटं गणित विसरू नका.

या पद्धती मुख्यतः कोणत्या कुत्र्याची पैदास करावी हे ठरवायला आहेत. पिल्लू विकत घेताना आईबापांचे गुण जरूर विचारा. "पेपर आहेत" हे त्याचं उत्तर नव्हे. पण कुत्र्याला किती दुखतं, हे त्या अंकात कुठेच नसतं.

पाय सरळ ताणलेल्या फिल्मची आणखी एक गोम आहे. पाय ताणला की सांध्याभोवतालचं आवरण पिळलं जातं आणि गोळा आपोआप आत ओढला जातो, म्हणजे ढिलेपणा लपतो. ही अडचण ओळखून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पेनहिप पद्धत तयार झाली. तिच्यात भूल देऊन गोळे मुद्दाम बाहेर ढकलतात आणि ते किती सरकतात ते मोजतात. ही तपासणी 16 आठवड्यांच्या पिल्लावरही होते. आकडा 0.30 किंवा कमी असेल तर पुढे संधिवाताचा धोका कमी. तिच्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर लागतात. ते जवळ नसतील तर भुलीखाली हाताने केलेली ऑर्टोलानी चाचणीही बरंच सांगते. मांडी वर ढकलून बाहेर वळवली की निसटलेला गोळा 'खट्' करून आत बसतो. राणीत दोन्ही बाजूंना ही खट् स्पष्ट लागली.

4. पिल्लू असेल तर कॅलेंडर पाहा

वाढत्या कुत्र्यात सांध्याचा आकारच बदलता येतो, पण त्याची दारं ठरावीक वयाला बंद होतात.

पहिलं दार 12 ते 20 आठवड्यांचं, आणि खरा फायदा 16च्या आत. कमरेची दोन हाडं पोटाखाली जिथे जुळतात, तिथली वाढीची पट्टी विजेच्या उष्णतेने जाळून बंद करतात. खालची बाजू वाढायची थांबते, वरची वाढत राहते, आणि उखळ्या हळूहळू वळून गोळ्यावर छपरासारख्या येतात. शस्त्रक्रिया छोटी आहे. पंचाईत अशी की या वयात पिल्लू बहुधा लंगडतच नाही. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला चौथ्या महिन्यात लसीसाठी नेलं की खुबे तपासायला सांगा.

दुसरं दार साधारण 5 ते 10 महिन्यांचं. यात कमरेचं हाड दोन-तीन जागी कापून, उखळी वळवून प्लेटने बसवतात. अट कडक आहे : संधिवात अजिबात नको आणि गोळा स्पष्टपणे आत बसायला हवा. राणी या अटीत बसत होती. पण ही शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक सगळीकडे नाहीत, खर्च मोठा आहे आणि पुढे कित्येक आठवडे बांधून ठेवावं लागतं.

राणीच्या मालकांना मी तिसरा रस्ताही सांगितला, तो म्हणजे थांबण्याचा. सहा ते दहा महिन्यांत लंगडणारी बरीच पिल्लं पुढच्या वर्षभरात चांगली चालू लागतात, कारण सांध्याचं आवरण जाड होतं आणि ढिलेपणा कमी होतो. संधिवात पुढे येतोच, पण मधली काही वर्षं चांगली जातात. त्यांनी विचार करून हाच मार्ग घेतला. रोज तीन वेळा पट्ट्याला बांधून 15 मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं, चेंडूमागे उड्या बंद, घरातल्या फरशीवर रबरी मॅट. चेंडू बंद करणं मालकांच्या मुलाला सगळ्यात जड गेलं.

खाण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो : कॅल्शियमचं सिरप नको. पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवू शकत नाही आणि मोठ्या जातींत त्याने हाडं बिघडतात. पिल्लू गुटगुटीतही नको, बरगड्या हाताला लागायला हव्यात. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेल्या एका प्रयोगात कुत्र्यांच्या जोड्या लावून निम्म्या कुत्र्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. त्यांच्या खुब्यांना संधिवात कितीतरी उशिरा आला आणि ती सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली.

5. कुत्रं मोठं असेल तर फिल्म बाजूला ठेवून चाल पाहा

वाढ संपली की उखळी वळवण्याचा प्रश्नच उरत नाही. आता उपचार दुखण्यावर. अतिशय वाईट फिल्म असलेली कुत्री मजेत फिरताना मी पाहिली आहेत, म्हणून फिल्म पाहून ऑपरेशन ठरवू नये.

शेरूकडे परत येऊ. खुबे दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं खराब होते, मग चार दिवसांपासून एकच पाय वर का? एकाएकी एका मागच्या पायावर आलेलं लंगडणं पाहिलं की आधी गुडघा तपासावा. त्याच्या गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटला होता. खालचं हाड टेबलाच्या खणासारखं पुढे सरकत होतं. खुब्याची फिल्म एवढी ठळक होती की गुडघ्याला कुणी हातच लावला नव्हता. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं असतं तरी तो लंगडतच राहिला असता. आधी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली.

खुब्यांसाठी पहिलं औषध वजन. त्याला 33 किलोवर आणायचं होतं. आठवड्याला अर्धा किलो धरला तरी चार महिने लागतात. जेवण मोजून होतं, पण वरून दिवसाला तीन चपात्या जायच्या. एका चपातीत 80 ते 100 कॅलरी धरा आणि त्याची दिवसाची गरज हजाराच्या आसपास. म्हणजे पाव हिस्सा चपात्यांतच संपत होता. आजीने त्या बंद केल्या, कुरकुर करत.

दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेनसारखी कुत्र्यांना चालणारी औषधं, तीही मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी करून आणि जेवणासोबत. उलट्या किंवा काळी शी दिसली तर औषध लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. स्टेरॉइड चालू असताना ही औषधं देऊ नका. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तर कधीच नाही. तिने पोटात व्रण होऊन आणि मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्री मरतात.

एवढं करूनही चालणं कठीण राहिलं तर दोन शस्त्रक्रिया उरतात. एकीत गोळा आणि त्याची मान काढून टाकतात आणि तिथे तंतूंचा खोटा सांधा तयार होतो. 20 किलोच्या आतल्या कुत्र्यांना ती छान मानवते. जड कुत्र्यांत निकाल बेभरवशाचा, आणि काही दिवसांतच पाय हलवायला लावलं नाही तर तो आखडतो. दुसरी म्हणजे पूर्ण कृत्रिम खुबा. मोठ्या कुत्र्यासाठी सगळ्यात चांगली चाल तोच देतो, पण सांधा निखळणं आणि जंतुसंसर्ग हे त्याचे धोके आहेत.

चार महिन्यांनी शेरू साडेतेहतीस किलोचा होता आणि गोळी रोजच्याऐवजी थंडीच्या दिवसांतच लागत होती. त्याचे खुबे फिल्मवर अजून तसेच, 88 आणि 90. राणीची पुढची फिल्म ती दोन वर्षांची झाल्यावर काढायची आहे. तोवर ती जिना न थांबता चढते की नाही, याची नोंद तिच्या मालकांनी दर रविवारी ठेवायची आहे.