खरेदीच्या अप्रूव्हल टेबलमधल्या या चुका टाळा

नवीन माणसाला डीओए, म्हणजे कुणी किती रकमेपर्यंतची खरेदी मंजूर करायची याचं टेबल, बनवायला सांगितलं की तो आधी नेटवरून टेम्प्लेट उचलतो, आकडे बदलतो आणि संध्याकाळपर्यंत एमडींना मेल करून मोकळा. मॅनेजर 1 लाखापर्यंत, प्लांट हेड 5 लाखांपर्यंत, त्यावर एमडी. दिसायला एकदम छान, पण 1 लाख म्हणजे नक्की कशाचे हे कुठेच लिहिलेलं नसतं.

चाकणच्या एका कंपनीत हेच झालेलं. सीसीटीव्हीचं काम होतं, एकूण साडेचार लाखांच्या आसपास. प्लांट हेडच्या एका सहीत झालं असतं, पण ते टूरवर आणि मॅनेजरला घाई, म्हणून त्याच व्हेंडरला एकाच आठवड्यात पाच पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, कॅमेरे वेगळे, केबल वेगळी, फिटिंग वेगळं, प्रत्येक पीओ 1 लाखाच्या जरासा खाली. मग बिलं आली. 92,000 च्या पीओवर 18 टक्के जीएसटी लागून 1,08,560 झाले, अकाउंट्सने लिमिटच्या वर म्हणून पेमेंट अडवलं, मॅनेजर म्हणतो लिमिट बेसिकवर आहे, अकाउंट्स म्हणतं बिलावर आहे, आणि टेबल उघडून बघितलं तर दोघंही बरोबर! पीओ तोडले हा खरा प्रश्न तर ऑडिटर येईपर्यंत कुणी विचारलाच नाही.

सरकारी खरेदीत यावर सरळ नियम आहे, जनरल फायनान्शियल रूल्स, म्हणजे जीएफआर 2017 चा नियम 157: वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळायला मागणीचे तुकडे करायचे नाहीत. प्रायव्हेटमध्ये हे आपलं आपल्यालाच लिहावं लागतं. मी टेबलच्या आधी लिहितो, खाली बारीक अक्षरात नाही: रक्कम म्हणजे एका गरजेची पूर्ण किंमत, जीएसटी सोडून, वाहतूक आणि फिटिंग धरून, पीओ कितीही असोत. आणि पीओ अमेंड झाला तर अप्रूव्हल वाढीव रकमेवर नाही, नव्या एकूण रकमेवर. 95,000 च्या पीओत 40,000 वाढले तर तो 1,35,000 चा झाला, मॅनेजरचा राहिला नाही.

दर महिन्याला पीओ रजिस्टर व्हेंडर आणि तारखेप्रमाणे लावून बघायचं. एकाच व्हेंडरचे जवळजवळच्या तारखांचे पीओ, सगळे 90 ते 99 हजारांचे, दिसले की त्यांचे इंडेंट, म्हणजे खरेदीसाठी आलेल्या मूळ मागण्या, मागवायचे. कधी खरंच वेगवेगळ्या गरजा निघतात, त्यामुळे लगेच आरोप नको.

बाकीच्या चुका पटकन. नावं नको, पदं लिहा, माणूस सोडून गेला की टेबल लटकतं. "1 ते 5 लाख" आणि "5 ते 25 लाख" असं लिहिलं की बरोबर 5 लाखांचा पीओ दोन्हीकडे फिरतो. साहेब सुट्टीवर असतील तर अधिकार वरच्याकडे जातो, खालच्याकडे नाही, आणि ज्याने इंडेंट टाकला त्याचीच अप्रूव्हलवर सही चालत नाही, मग रक्कम 5 हजार का असेना. टेबल बदललं की ईआरपीतली लिमिट त्याच दिवशी बदलून घ्या, नाहीतर सिस्टिम जुन्याच आकड्यांवर पीओ सोडत बसते.