साखर ९०० असताना ऑस्मोलॅलिटी काढायची, तर सोडियम कोणता घ्यायचा?

या गणितातली सर्वांत महागात पडणारी चूक एकच: दुरुस्त केलेला सोडियम ऑस्मोलॅलिटीच्या सूत्रात घालणे. एका रुग्णाचे आकडे घेऊन पाहू. सोडियम १२८ मिलिमोल प्रति लिटर, ग्लुकोज ९०० आणि युरिया ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, यंत्राने मोजलेली ऑस्मोलॅलिटी ३४६. सगळे एकाच वेळी घेतलेल्या रक्तातले. वेळा वेगळ्या असतील तर वजाबाकीला अर्थ राहत नाही.

आधी रिपोर्टवर ‘युरिया’ लिहिले आहे की ‘बीयूएन’ ते बघा. युरियाला ६ ने भागायचे, बीयूएनला २.८ ने. इथे युरिया आहे, म्हणून:

```
२ × सोडियम + ग्लुकोज ÷ १८ + युरिया ÷ ६
२५६ + ५० + १० = ३१६
```

मोजलेल्या ३४६ मधून ३१६ वजा केले की गॅप ३०. साधारण १० पर्यंतचा गॅप चालतो. ३० म्हणजे सूत्रात नसलेले काहीतरी रक्तात आहे: दारू, मिथेनॉल, इथिलीन ग्लायकॉल किंवा मॅनिटॉल. किटोअ‍ॅसिडोसिसमध्येही गॅप थोडा वाढतो. रक्तातले इथेनॉल मोजलेले असेल तर तो आकडा (मिलिग्रॅममधला) ४.६ ने भागून बेरजेत घाला आणि किती गॅप उरतो ते पाहा.

आता सोडियमची दुरुस्ती. वाढलेली साखर पेशींतले पाणी बाहेर ओढते, त्यामुळे सोडियम पातळ होतो. साखर १०० च्या वर जितकी, त्यातल्या दर १०० मागे १.६ मिळवायचे, साखर फार जास्त असली की काही जण २.४ धरतात. इथे साखर ८०० ने जास्त, म्हणून १२८ + १२.८ = १४१ (२.४ धरला तर १४७).

हा १४१ वरच्या सूत्रात घातला तर बेरीज ३४२ होते आणि गॅप उरतो ४. मिथेनॉल प्यालेला माणूस कागदावर निर्धोक दिसतो! साखरेने ओढलेले पाणी मोजलेल्या १२८ मध्ये आधीच धरलेले आहे, म्हणून सूत्रात नेहमी तोच आकडा जातो.

उलट, गॅप कमी आहे म्हणून विष नाही असेही मानू नका. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होत जाते तसा गॅप उतरतो आणि अ‍ॅनायन गॅप चढतो. यंत्रही तपासा: ऑस्मोलॅलिटी गोठणबिंदूच्या पद्धतीने मोजलेली हवी. बाष्पदाबावर चालणाऱ्या यंत्रात उडून जाणारी अल्कोहोले पकडली जात नाहीत.

दुरुस्त सोडियमचा खरा उपयोग उपचार चालू असताना होतो. साखर ९०० वरून ६०० वर आली की मोजलेला सोडियम १२८ वरून १३३ ते १३५ च्या आसपास चढायला हवा. तो १२८ वरच अडकला असेल, तर ऑस्मोलॅलिटी अपेक्षेपेक्षा वेगाने घसरते आहे. मेंदूला सूज येण्याचा धोका इथेच असतो, म्हणून सलाइन कोणते आणि किती जाते आहे ते डॉक्टरांनी लगेच पाहायला हवे.