आर्टेमिसिनिनचे तीन दिवस आणि जोडीच्या औषधाचे काम

हिवतापावर काम करू इच्छिणारे विद्यार्थी आमच्या प्रयोगशाळेत येतात, तेव्हा त्यांना आर्टेमिसिनिनचे नाव ठाऊक असते. परंतु ते परजीवीला नेमके कसे मारते आणि एकटे का द्यायचे नाही, याचे उत्तर बहुधा अर्धवट असते. फॅल्सिपेरम परजीवीच्या संवर्धनावर काम करताना मला स्वतःला जे हळूहळू उमगले, ते येथे मांडत आहे.

तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी हिमोग्लोबिन गिळून पचवतो आणि त्यातून लोहयुक्त हीम मोकळे होते. आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक नाजूक पूल असतो. हीममधील लोहाशी गाठ पडताच तो पूल तुटतो, त्यातून अत्यंत क्रियाशील मूलके तयार होतात आणि ती आसपासच्या प्रथिनांना व खुद्द हीमला जाऊन चिकटतात. एकाच वेळी असंख्य प्रथिने बिघडतात आणि त्यांची विल्हेवाट लावणारी परजीवीची यंत्रणाही कोलमडते. म्हणजे या औषधाला चेतवणारी ठिणगी परजीवीच्याच पचनातून येते. निरोगी तांबड्या पेशीत मोकळे हीम फारसे नसल्यामुळे ती बहुतांशी बचावते.

प्रतिकाराचे मूळही याच पचनात आहे. केल्च-१३ या जनुकात काही विशिष्ट बदल झालेला परजीवी कोवळ्या रिंग अवस्थेत हिमोग्लोबिन कमी गिळतो. हीम कमी, म्हणून औषध कमी चेतते. हा प्रतिकार त्या काही तासांपुरताच असल्यामुळे नेहमीच्या ७२ तासांच्या औषध-चाचणीत तो दिसतच नाही, आणि नवख्यांची येथेच दिशाभूल होते. त्यासाठी शून्य ते तीन तास वयाच्या रिंग निवडून त्यांना ७०० नॅनोमोलर डायहायड्रोआर्टेमिसिनिन सहा तास द्यावे लागते, मग औषध धुऊन काढून ७२व्या तासाला गिम्साने रंगवलेल्या काचपट्टीवर जिवंत परजीवी मोजावे लागतात. औषध न दिलेल्या संवर्धनाच्या तुलनेत एक टक्क्याहून अधिक जगले, तर प्रतिकाराची शंका घ्यावी. आकसून गडद ठिपक्यासारखा झालेला परजीवी मेलेला असतो. तो जिवंतांत मोजला गेला की सारा निष्कर्ष उलटतो. म्हणून काचपट्टी दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी, असा माझा आग्रह असतो.

आता जोडीच्या औषधाकडे वळू. आर्टेमिसिनिनवर्गीय औषधे रक्तात जेमतेम काही तास टिकतात, आणि उपचार तीन दिवसांचा असल्यामुळे परजीवीची ४८ तासांची दोनच चक्रे त्यांच्या तावडीत सापडतात. एका चक्रात परजीवींची संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटते. एखाद्या रुग्णात एक लाख कोटी परजीवी आहेत असे धरले, तर पहिल्या चक्रानंतर दहा कोटी आणि दुसऱ्यानंतर दहा हजार उरतात. हे दहा हजार निपटण्यासाठी रक्तात कित्येक दिवस वा आठवडे रेंगाळणारे, वेगळ्या मार्गाने मारणारे औषध सोबत लागते. दोन्ही औषधांना एकदम दाद न देणारा परजीवी आपोआप निपजणे फारच दुर्मीळ असते, आणि उरलेली संख्या इतकी लहान असली की जोडीच्या औषधाला न जुमानणारा परजीवी त्यात असण्याची शक्यताही नगण्य होते. मात्र दोन्ही औषधांना एकमेकांकडून मिळणारे हे संरक्षण सारखे नसते, कारण तिसऱ्या दिवसानंतर शेपटासारखे उरलेले जोडीचे औषध एकटेच लढत असते.

पश्चिम कंबोडियात नेमके हेच बिघडले. तेथे केल्च-१३ मधील बदल पसरल्यावर परजीवी रक्तातून हळू नाहीसे होऊ लागले. समजा, एका चक्रात घट शंभर पटींचीच झाली, तर वरच्याच हिशेबाने दहा हजारांऐवजी दहा कोटी परजीवी जोडीच्या औषधाच्या वाट्याला येतात. तेथे ते औषध पिपेराक्विन होते. प्लाझ्मेप्सिन २ व ३ या जनुकांच्या जादा प्रती असलेले परजीवी त्याला दाद देईनात, आणि डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विनचे उपचार मोठ्या प्रमाणावर फसू लागले. पुढे तेथे आर्टेसुनेट या आर्टेमिसिनिनवर्गीय औषधासोबत मेफ्लोक्विन द्यावे लागले.

जोडी दुसऱ्या बाजूनेही फुटते. आपल्याकडे फॅल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन दिले जाते. परंतु ईशान्य भारतात याच जोडीच्या औषधाचा प्रतिकार वाढला, म्हणून तेथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन वापरात आणले गेले. त्यामुळे उपचार फसल्याचा नमुना हाती आला, तर केल्च-१३ तपासून थांबू नका. जोडीच्या औषधाच्या प्रतिकाराची जनुकेही त्याच वेळी तपासा, आणि रुग्णाने तिन्ही दिवसांच्या गोळ्या घेतल्या होत्या का, त्या उलटून पडल्या नव्हत्या ना, हे आधी विचारून घ्या.