भिंतीपासून जमिनीपर्यंत: पहिला पुश-अप कसा जमवायचा

एकही पुश-अप न येणारा माणूस बहुधा थेट जमिनीवर उतरतो, दोनदा आपटतो आणि नाद सोडतो. खरं तर हातांवर येणारा भार आपल्याला कमी-जास्त करता येतो. जमिनीवर वजनाच्या साधारण ६४ टक्के भार हातांवर येतो. हात ३० सेंटिमीटर उंचीवर ठेवले तर ५५ टक्के आणि ६० सेंटिमीटरवर ४१ टक्के. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जमिनीवर ३८ किलो ढकलावे लागतात, ६० सेंटिमीटरवर जेमतेम २५.

सुरुवात भिंतीने करा. हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर, खांद्यांपेक्षा किंचित रुंद टेकवा. नाक भिंतीजवळ येईपर्यंत वाका आणि परत या. कोपर थेट बाजूला फाकू देऊ नका, ते तिरके मागे जाऊ देत. १५चे तीन सेट आरामात झाले की भिंत सोडा. तिथे जास्त रेंगाळून काही मिळत नाही.

खरं काम मधल्या टप्प्यात होतं आणि त्यासाठी जिना सर्वांत उत्तम. पायरी हलत नाही, शिवाय प्रत्येक पायरीगणिक भार थोडाच वाढतो. पाय खाली जमिनीवर, हात चौथ्या पायरीवर. एक दिवसाआड तीन सेट करा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. तिन्ही सेटमध्ये १२ जमले की एक पायरी खाली या.

समजा चौथ्या पायरीवर १२, १२, १२ झाले. तिसरीवर पहिल्या दिवशी ८, ७, ५ होतील. ही पीछेहाट नव्हे, भार वाढलाय. तिथेच राहा. हळूहळू आकडे पुन्हा बारावर येतील. मात्र पाचही होत नसतील, तर वरच्या पायरीवर परत जा.

सगळ्यात जास्त फसवते ती कंबर. दमलं की ती खाली झोल खाते आणि छातीआधी पोट पायरीकडे पोहोचतं. पोट आणि नितंब आवळून धरा. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढला की लगेच दिसतं. असा झोल खाल्लेला पुश-अप मोजायचा नाही. मनगट दुखत असेल तर तळवा सपाट टेकवण्याऐवजी पायरीची कड धरून पाहा. खांद्यात कळ आली तर मात्र थांबा.

पहिल्या पायरीवरही १२ जमले की जमिनीवर फक्त उतरायचा सराव करा. हात ताठ ठेवून सुरुवात करा, पाच सेकंद घेत छाती खाली आणा, मग गुडघे टेकून वर या. असे तीन-चारचे तीन सेट. स्नायू वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली उतरवताना जास्त भार पेलतात, म्हणून हे आधी जमतं. गुडघ्यांवरचे पुश-अप मला तितकेसे पटत नाहीत, कारण त्यात कंबर सरळ धरायची सवय कमी लागते.

उतरताना मध्येच धपकन पडणं थांबलं की पुढच्या खेपेला, अंग गरम करून, थकण्याआधी सगळ्यात पहिल्यांदा वर ढकलून पाहा.