१२ टक्क्यांचं लोन १२.५ पेक्षा महाग पडू शकतं

दोन-तीन ठिकाणचे लोनचे रेट घेऊन बसलात की नुसता आकडा बघू नका, व्याज किती वेळा मुद्दलात मिळवतात ते आधी विचारा. समजा १ लाख घ्यायचेत, वर्षाच्या शेवटी सगळे एकदम फेडायचे. पहिला म्हणतो १२ टक्के पण व्याज दर महिन्याला चढणार, दुसरा १२.२५ सहामाही, तिसरा १२.५ वर्षातून एकदाच. आता पहिल्याचं करून बघा, महिन्याला १ टक्का म्हणजे १.०१ ला स्वतःनेच १२ वेळा गुणायचं, येतं १.१२६८, म्हणजे व्याज १२,६८३ रुपये. दुसऱ्याचं १२,६२५ आणि तिसऱ्याचं फक्त १२,५००! क्रम पूर्ण उलटा झाला ना.

एक्सेलमध्ये असं टाका, शेवटचा आकडा म्हणजे वर्षातून किती वेळा:

```
=EFFECT(12%,12)
=EXP(12%)-1
```

दुसरी ओळ सतत चढणाऱ्या व्याजाची, क्षणाक्षणाला चढलं तरी १२ टक्क्यांचे १२.७५ च्या वर जात नाहीत. त्यामुळे रोजचं चक्रवाढ ऐकून घाबरू नका, महिन्यावरून रोजवर गेलं तर १ लाखावर वर्षाला ६४-६५ रुपयेच वाढतात.

खरा फटका प्रोसेसिंग फीचा असतो आणि ती या हिशोबात येतच नाही. तिसऱ्याने १ टक्का फी आधीच कापली तर हातात ९९,००० येणार, फेडायचे १,१२,५०० च, म्हणजे रेट झाला १३.६४ टक्के, आणि तेच सगळ्यात महाग!