नव्या भजनवर्गासाठी चाली पायरीवार कशा लावाव्यात

पुस्तकांचे सोपी आणि अवघड असे गठ्ठे करू नका. एकाच पुस्तकात चार ओळींची नामधून असते आणि तार सप्तकात जाणारा अभंगही असतो. तोच अभंग एका चालीत सोपा, दुसऱ्या चालीत अवघड होतो. म्हणून पुस्तकांना फक्त क्रमांक द्या आणि प्रत्येक चालीचे वेगळे कार्ड करा. त्यावर पहिली ओळ, पुस्तक क्रमांक आणि पान लिहा.

मग चाल स्वतः गाऊन बघत तीन गोष्टी नोंदवा.

पहिली, पल्ला: सर्वांत खालचा आणि वरचा स्वर. तो सरगमातच लिहा, कारण वर्गाची पट्टी बदलली तरी ही नोंद बदलत नाही. षड्जापासून धैवतापर्यंत राहणारी चाल पहिल्या पायरीची, तार षड्जापर्यंत जाणारी दुसरीची, त्याच्याही वर तिसरीची.

दुसरी, ताल आणि उठाव. नवख्यांची खरी अडचण इथेच असते. आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केरवा आणि समेवरून उठणारे ध्रुवपद ही पहिली पायरी. ठेका तोच, पण ध्रुवपद पाचव्या मात्रेवरून उठत असेल तर दुसरी. सात मात्रांचा रूपक मी थेट तिसऱ्यात टाकतो, कारण त्यात समेवरच ‘खाली’ची मात्रा येते आणि टाळी देणारे हात गोंधळतात.

तिसरी, स्वर. भूपासारखे पाच शुद्ध स्वर सोपे. दोन्ही निषाद आले की एक पायरी वर. शब्द किती लांब आहेत याला फार महत्त्व देऊ नका, पुस्तक समोर असतेच.

तिन्हींत जी पायरी सर्वांत वरची, ती त्या चालीची. पण ध्रुवपद आणि अंतरा यांची पायरी वेगळी लिहा. समजा, एका अभंगाचे ध्रुवपद समेवरून उठते आणि पंचमापर्यंतच जाते, अंतरा मात्र तार मध्यमाला भिडतो. कार्डावर ‘ध्रुवपद १, अंतरा ३’ असे लिहा. अंतरा शिकवणाऱ्याने गायचा, ध्रुवपद वर्गाने उचलायचे. असा अभंग सुरुवातीलाही चालतो.

कार्डे पायरीनुसार तीन खोक्यांत ठेवा आणि पहिले काही वर्ग पेन्सिलनेच नोंद करा. अंतऱ्यात आवाज गळायला लागले तर पल्ला चुकीचा धरला आहे; आधी पट्टी एक-दोन स्वर उतरवून बघा, तरीही गळले तर कार्ड वरच्या खोक्यात टाका. सगळे मोठ्याने गातात पण ध्रुवपदावर परतताना विखुरतात, तेव्हा दोष उठावाचा असतो. अशा वेळी पट्टी उतरवून काही होत नाही. पेटी थांबवून नुसत्या टाळीवर ती ओळ म्हणून घ्या, आणि तरीही जुळली नाही तर ते कार्डही वर सरकवा.

वरच्या पायरीला कधी जायचे? पेटीवर फक्त षड्ज धरून वर्ग पहिल्या खोक्यातले ध्रुवपद सुरात म्हणू लागला, की दुसऱ्या खोक्यातले एक कार्ड काढा. एकच, बाकी वेळ जुन्या चालींचाच.