क्वार्ट्झ आणि कॅल्साइट: सिस्टीम एकच, मग गुण वेगळे का?

मराठवाड्यात विहीर खोदली की काळ्या खडकाच्या ढिगाऱ्यात अनेकदा पांढरे, चमकणारे खडे सापडतात. दख्खनचा बेसॉल्ट थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत पाण्यातून क्वार्ट्झ, कॅल्साइट, झिओलाइट वाढले. आजच्या बोलण्यासाठी त्यातले दोनच पुरेत, क्वार्ट्झ आणि कॅल्साइट. ओळखायला सोपे आहेत. कॅल्साइटवर लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर उठत नाही. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर कॅल्साइट फसफसतो, क्वार्ट्झ नाही.

हेच दोन का घेतले? कारण पुस्तकाच्या तक्त्यात दोघेही एकाच रकान्यात बसतात: ट्रायगोनल सिस्टीम. दोघांनाही एक तिहेरी अक्ष आहे, म्हणजे १२० अंशांनी फिरवलं की स्फटिक पुन्हा जसाच्या तसा. तरीही क्वार्ट्झची योग्य दिशेने कापलेली चकती दाबली तर तिच्या दोन बाजूंवर विद्युतभार येतो आणि कॅल्साइट कुठल्याही दिशेने, कितीही दाबला तरी येत नाही. १८८० साली झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी हा परिणाम दाखवला. त्याला पीझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. कॅल्साइटमध्ये तो का नाही, हे बंधांची ताकद माहीत नसतानाही कागदावर सिद्ध करता येतं.

त्यासाठी एकच तत्त्व लागतं. ते फ्रान्झ नॉयमान यांच्या नावाने ओळखलं जातं. एखाद्या क्रियेने स्फटिक स्वतःवरच बसत असेल, तर त्या क्रियेने त्याचा गुणही बदलता कामा नये. क्रियेआधीचा आणि नंतरचा स्फटिक वेगळा ओळखताच येत नसेल, तर मोजमाप तरी वेगळं कसं येईल?

आता कॅल्साइट. त्यात प्रत्येक कॅल्शियम अणू सममितीच्या केंद्रावर बसलेला आहे. त्या अणूपासून एका दिशेला जे आहे, तेच बरोबर विरुद्ध दिशेला तितक्याच अंतरावर आहे. ही उलटवण्याची क्रिया म्हणजे x, y, z तिन्हींची चिन्हं बदलणं. दाब या क्रियेत बदलत नाही: डावीकडून आणि उजवीकडून सारखंच ढकलत असाल, तर बाजूंची अदलाबदल करून काय फरक पडणार? पण भार आला असता तर त्याला दिशा असती, एक बाजू धन आणि एक ऋण. उलटवल्यावर ती दिशा उलटी झाली पाहिजे. म्हणजे तोच स्फटिक, तोच दाब आणि उत्तर एकदा P तर एकदा −P. दोन्ही खरं असायचं तर P शून्यच हवा. सिद्धता एवढीच. यात टेन्सर हा शब्दसुद्धा आला नाही, तेव्हा टेन्सर शिकवला नाही म्हणून हे कळणार नाही अशी भीती बाळगू नका.

क्वार्ट्झमध्ये असं केंद्र नाही. त्याला एक तिहेरी अक्ष आहे, त्याला Z म्हणू, आणि त्याला काटकोनात तीन दुहेरी अक्ष आहेत. त्यातल्या एकाला X म्हणू. दुहेरी म्हणजे १८० अंशांनी फिरवल्यावर तसाच.

आधी Z च्या दिशेने दाबा. तिहेरी अक्षाभोवती फिरवलं तर दाब तोच राहतो, पण Z ला आडवा असलेला कुठलाही भारसदिश १२० अंश फिरतो. तो बदलता कामा नये, म्हणून आडवा भाग शून्य. आता X भोवती १८० अंश फिरवा. दाब तोच, पण Z च्या दिशेचा भाग उलटतो, म्हणून तोही शून्य. म्हणजे क्वार्ट्झ पीझोइलेक्ट्रिक असूनही Z च्या दिशेने दाबल्यावर काहीच देत नाही.

आता X च्या दिशेने दाबा. X भोवती १८० अंश फिरवल्यावर Y आणि Z चे भाग उलटतात, म्हणून ते गेले. X चा भाग मात्र तसाच राहतो, त्याला शून्य करणारी क्रियाच क्वार्ट्झमध्ये नाही. म्हणून भार येतो तो X च्याच बाजूंवर. तो किती येतो हे सममिती सांगत नाही, ते मोजावंच लागतं: दर न्यूटनला सुमारे २.३ पिकोकूलॉम. सममिती फक्त "मनाई" किंवा "मुभा" सांगते. मुभा आहे म्हणजे परिणाम मोठा असेल, असं गृहीत धरू नका.

मुलं अडकतात ती जागा आता येते, इथे सावकाश वाचा. सात क्रिस्टल सिस्टीमवरून गुण ठरत नाहीत. गुण ठरतात ते पॉइंट ग्रुपवरून, म्हणजे फिरवणं, आरसा, उलटवणं अशा ज्या क्रियांनी स्फटिक स्वतःवर बसतो त्या सगळ्यांच्या संचावरून, आणि पॉइंट ग्रुप ३२ आहेत. क्वार्ट्झचा ग्रुप `32` असा लिहितात आणि "थ्री टू" असा वाचतात, त्याचा एकूण ग्रुपच्या संख्येशी काही संबंध नाही. कॅल्साइटचा ग्रुप आहे `-3m`. सिस्टीम तीच, ग्रुप वेगळे. "क्यूबिक म्हणजे सगळ्या दिशांना सारखं, म्हणून पीझो नाही" हे वाक्य परीक्षेच्या उत्तरांत फार दिसतं आणि ते चुकीचं आहे. झिंक ब्लेंड क्यूबिकच आहे, त्याचा ग्रुप `-43m`, त्यात केंद्र नाही आणि तो पीझोइलेक्ट्रिक आहे. मीठही क्यूबिक, पण त्याचा ग्रुप `m-3m`, त्यात केंद्र आहे, म्हणून तिथे शून्य. गाइडमध्ये "सिस्टीम आणि गुण" असा दोन रकान्यांचा तक्ता असेल तर त्यावर काट मारा.

ग्रुप शोधायचा कसा? पदार्थाची CIF फाइल घ्या, म्हणजे त्याची स्फटिकरचना नोंदवलेली फाइल. त्यात अशी ओळ असते:

```
_symmetry_space_group_name_H-M   'R -3 c'
```

ही कॅल्साइटची. पहिलं अक्षर जाळीचं आहे, ते सोडून द्या. `c` हे सरकत्या आरशाचं चिन्ह, त्याच्या जागी साधा आरसा `m` लिहा. झाला `-3m`. क्वार्ट्झच्या फाइलमध्ये `P 31 2 1` किंवा `P 32 2 1` दिसेल, कारण क्वार्ट्झ डावा आणि उजवा असा दोन प्रकारचा असतो. यातला `31` म्हणजे एकतीस नाही, तो स्क्रू अक्ष आहे. तीन हा आकडा ठेवा, पुढचा सोडा. उरतं `321`. शेवटचा एक काही नवीन सांगत नाही, म्हणून `32`.

इथे आणखी एक काटा आहे. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं की केंद्र आहे, असं सरसकट धरू नका. `-1` आणि `-3` मध्ये केंद्र असतंच, पण `-4` आणि `-6` मुळे एकट्याने केंद्र येत नाही. झिंक ब्लेंड त्यामुळेच सुटला. दुसरी चूक रेणूकडे बघून होते. कार्बोनेटचा त्रिकोण एकटा पाहिला तर त्याला केंद्र नाही, त्यावरून कॅल्साइटलाही नसेल असं वाटतं. पण एका थरातले त्रिकोण एकीकडे तोंड करून असतात आणि पुढच्या थरातले उलट. विचारायचं ते पूर्ण स्फटिकाला, त्याच्या एका तुकड्याला नाही.

हे सगळं ३२ ग्रुपची यादी पाठ करून येत नाही. जे सर किंवा मॅडम लाकडी मॉडेल हातात देऊन "फिरवून बघ" म्हणतात, त्यांच्या तासाला पुढे बसा. यादी फळ्यावर उतरवून देणाऱ्यांच्या वहीची झेरॉक्स पुरते. VESTA हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन्ही फाइल उघडा, कॅल्शियमवर नजर ठेवून कॅल्साइट फिरवा, मग क्वार्ट्झमध्ये तसा एखादा बिंदू शोधा. सापडणार नाही.

केंद्रामुळे सगळेच गुण जात नाहीत, हेही लक्षात ठेवा. कॅल्साइटचा स्वच्छ तुकडा छापील अक्षरावर ठेवा, अक्षर दोनदा दिसतं. तुकडा फिरवला की एक प्रतिमा जागेवर राहते, दुसरी तिच्याभोवती फिरते. त्याचे दोन अपवर्तनांक १.६५८ आणि १.४८६ आहेत. या गुणात दोन दिशा येतात, उलटवल्यावर उणे गुणिले उणे होऊन अधिक होतं, म्हणून केंद्र त्याला अडवत नाही. क्वार्ट्झलाही ही मुभा आहे, पण त्याचे आकडे १.५४४ आणि १.५५३. फरक इतका कमी की नुसत्या डोळ्याला दुसरं अक्षर दिसत नाही. मनाई नाही, परिणाम लहान आहे.

प्रयोग करून बघायचा असेल तर शेतातली गारगोटी घेऊ नका. तिच्यात बहुधा असंख्य बारीक कण वाट्टेल त्या दिशांना असतात आणि एकाचा भार दुसरा खोडतो. X दिशेला कापलेली क्वार्ट्झची चकतीच लागते. समजा ती १ सेंमी लांब, १ सेंमी रुंद, १ मिमी जाड आहे आणि दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावली आहे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचं वजन. त्याने सुमारे २३० पिकोकूलॉम भार येतो. चकतीची धारिता जेमतेम ४ पिकोफॅरड, म्हणजे कागदावर ५७ व्होल्ट. मग मल्टिमीटर शून्य का दाखवतो? त्याचा रोध १० मेगाओहम असतो, आणि ४ पिकोफॅरडवरचा भार त्यातून ४० मायक्रोसेकंदांतच ओसरू लागतो. एक मीटर कोअॅक्स केबल जोडली तर तिची सुमारे १०० पिकोफॅरड धारिता भार वाटून घेते आणि ५७ चे दोन व्होल्ट होतात. वजन हळूच ठेवून वाट बघाल तर काहीच दिसणार नाही आणि "क्वार्ट्झ पीझो नाही" असं जर्नलमध्ये लिहून बसाल. ऑसिलोस्कोप घ्या, त्याचा १० पट प्रोब लावा आणि चकतीवर छोटा टोला द्या. भार जसाच्या तसा मोजायचा असेल तर चार्ज अॅम्प्लिफायर हवा.

तशाच वायरी कॅल्साइटच्या चकतीला लावून टोला दिला, तर पडद्यावर तिथेही थोडी उडी दिसू शकते. घाबरू नका, नॉयमान चुकलेले नाहीत. टोल्याने केबल हलते आणि तिच्यातच घर्षणाने भार तयार होतो. फरक ओळखायचा मार्ग असा: वायरी आहेत तशाच ठेवा, चकती वरची बाजू खाली करून पुन्हा बसवा आणि त्याच जागी टोला द्या. क्वार्ट्झची उडी वर होती ती खाली जाईल, कारण X चं तोंड उलटवणारी क्रिया त्याच्या ग्रुपमध्ये नाही. केबलची उडी चकती उलटवल्यावरही त्याच बाजूला येईल.